एक तारा आणि एकतीस उलट्या पाठी

झेरॉक्सवाल्याने 62 पानं नीट छापून दिली, तर त्याबद्दल कुणी कुणाला काही सांगत नाही. पानं नीट येणं हे त्याचं कामच, असं आपण धरून चालतो. कॉलेजच्या गल्लीतलं एखादं दुकान वर्षानुवर्षं सरळ पानं छापत असतं, आणि त्या सगळ्या सरळ पानांवर इंटरनेटवर एक ओळ नसते. मग एका संध्याकाळी काही पानं उलटी येतात आणि वाङ्मयाला बहर येतो. बहर आणणारा बहुधा विद्यार्थी असतो आणि हा त्याचा आयुष्यातला पहिला रिव्ह्यू असतो. पहिला रिव्ह्यू आणि तो पाच ताऱ्यांचा, हा योग दुर्मीळच. समाधानी माणूस घरी जाऊन जेवतो. चिडलेला माणूस रिक्षात बसल्या बसल्या लिहायला घेतो. या पहिल्या कडक रिव्ह्यूबद्दल दोन मतं ऐकू येतात. एक म्हणजे, आजकालच्या मुलांना पेशन्सच नाही. दुसरं म्हणजे, बरं केलं, दुकानदारांना असंच पाहिजे. माझं मत तिसरं आहे. तो रिव्ह्यू सहसा खरा असतो, पण त्याचा पत्ता चुकलेला असतो. त्यातला राग मालकासाठी असतो, वाचतात भलतेच लोक, आणि मालकाला त्यातून नेमकं काय बिघडलं ते कळत नाही. हे पटवायला एक गोष्ट रचून सांगतो. गोष्ट काल्पनिक आहे, पण तिचे सुटे भाग कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या फाटकाबाहेर मिळतात.

विद्यार्थी पुण्यातला, तिसऱ्या वर्षाचा. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण पुढचा सगळा घोटाळा त्याच्या नावामुळेच होणार आहे. उद्या सेमिनार रिपोर्टचं सबमिशन आहे. रिपोर्ट 62 पानांचा, त्यातली साधारण 40 त्याने स्वतः वाचलेली. संध्याकाळी साडेसातला तो पेनड्राइव्ह घेऊन दुकानात पोचतो. काउंटरवर त्याच्याआधी चौदा जण, प्रत्येकाचं सबमिशन उद्याच, आणि प्रत्येकाचं म्हणणं की आपलं फक्त दोन मिनिटांचं काम आहे. आपला विद्यार्थी सांगतो, "काका, बॅक टू बॅक आणि स्पायरल." काका मान वर न करता म्हणतात, "ठेव तिथे. तासाभराने ये." तो म्हणतो, "काका, जरा लवकर झालं असतं तर..." काका म्हणतात, "मग उद्या ये." तासाभराने तो 164 रुपये देतो, रिपोर्ट सॅकमध्ये कोंबतो आणि निघतो. दुसऱ्या दिवशी गाइडसमोर तो उघडल्यावर दिसतं, की उजव्या हाताचं प्रत्येक पान सरळ आहे आणि डाव्या हाताचं प्रत्येक पान डोक्यावर उभं आहे. गाइड सर रिपोर्ट स्टिअरिंगसारखा एकदा इकडे आणि एकदा तिकडे फिरवत चार पानं वाचतात. मग अनुक्रमणिकेत 27 व्या पानावर म्हटलेली आकृती 29 व्या पानावर सापडते, आणि सर म्हणतात, "परत छापून आणा." त्याच दुपारी कँटीनमध्ये रिव्ह्यू जन्माला येतो. एक तारा, आणि मजकूर असा: "वर्स्ट शॉप. उद्धट मालक. पैसे वाया. कुणीही जाऊ नका."

आता या चार वाक्यांकडे जरा पुरावा म्हणून पाहू. त्यात पानं उलटी आली हे कुठे आहे? नाही. पाठपोट छपाई होती हे? नाही. कोणत्या दिवशी, किती वाजता? नाही. जे घडलं त्यातलं काहीच रिव्ह्यूत नाही, आणि रिव्ह्यूत जे आहे ते सगळं निकालपत्र आहे. 'उद्धट' हा निकाल झाला, 'मग उद्या ये' हा पुरावा होता. पुरावा दिला असता तर वाचणाऱ्याने स्वतः ठरवलं असतं. पुण्यातल्या वाचकाने बहुधा मालकाला निर्दोष सोडून वर सौजन्याबद्दल शाबासकी दिली असती. शेवटचं वाक्य तर आदेशच आहे, आणि तो सबंध मानवजातीला उद्देशून आहे. गूगल मॅप्सवर लोकल गाइड म्हणून नाव नोंदवलेल्या माणसाला रिव्ह्यूचे दहा गुण मिळतात आणि मजकूर 200 अक्षरांच्या वर गेला तर आणखी दहा मिळतात. आपल्या विद्यार्थ्याचा मजकूर साठ अक्षरांच्या आत संपला. परीक्षेत 'सविस्तर उत्तर लिहा' असं असलं की हाच मुलगा मार्जिनपासून मार्जिनपर्यंत पुरवण्या भरतो, ही गोष्ट इथे नोंदवायला हवी.

इथे कुणी म्हणेल, की साठ अक्षरांनी कुणाचं काय बिघडतं? एवढं मोठं जग, त्यात एक तारा. हे मोठ्या दुकानांच्या बाबतीत खरं आहे, छोट्यांच्या बाबतीत नाही, आणि ते दाखवायला पाचवीतलं सरासरीचं गणित पुरतं. समजा, काकांच्या दुकानाला त्या दिवसापर्यंत 24 रिव्ह्यू होते: 18 जणांचे पाच तारे, चौघांचे चार, दोघांचे तीन. बेरीज 112, सरासरी 4.67, म्हणजे पाटीवर दिसणार 4.7. आपल्या विद्यार्थ्याचा एक तारा मिळवला की बेरीज 113, रिव्ह्यू 25, सरासरी 4.52. पाटीवर 4.5. आता ही सरासरी होती तिथे परत न्यायची तर किती लोकांनी पूर्ण पाच तारे द्यायला हवेत? अकरा. एका माणसाने कँटीनमध्ये दीड मिनिटात केलेलं काम निस्तरायला अकरा खूश गिऱ्हाइकांची गरज, आणि झेरॉक्सवर खूश झालेली अकरा माणसं शोधायला काकांना नवीन शैक्षणिक वर्ष उजाडायची वाट पाहावी लागणार. हाच एक तारा 2400 रिव्ह्यू असलेल्या कॅफेला दिला असता, तर सरासरी 4.667 वरून 4.665 वर आली असती आणि कॅफेच्या मॅनेजरला ते सूक्ष्मदर्शकातूनही दिसलं नसतं. म्हणजे शिक्षेची तीव्रता गुन्ह्यावर अवलंबून नाही, आरोपी किती छोटा आहे यावर अवलंबून आहे.

खूश लोक लिहीत का नाहीत, याचा अभ्यास झालेला आहे. नान हू, पॉल पावलू आणि जी झांग या संशोधकांनी 2009 साली अ‍ॅमेझॉनवरच्या रिव्ह्यूंबद्दल जे मांडलं ते थोडक्यात असं: ताऱ्यांचा आलेख काढला तर पुष्कळसे पाचवर, थोडे पण ठळक एकवर, आणि मधे खड्डा. इंग्रजी जे अक्षरासारखा आकार. पण एखादी वस्तू देऊन समोर बसलेल्या सगळ्यांनाच मत विचारलं, तर खड्डा बुजतो आणि बरेच लोक मधे येऊन बसतात. म्हणजे मधल्या मताचे लोक असतात, ते फक्त लिहायला बसत नाहीत. 'ठीक आहे, चालतंय' असं वाटणारा माणूस मोबाइल काढून 'ठीक आहे, चालतंय' लिहीत नाही. आणि झेरॉक्सच्या दुकानाबद्दल तर बहुतेकांचं मत हेच असतं. तेव्हा काकांच्या पानावर जे दिसतं ते गिऱ्हाइकांचं मत नव्हे. ते काकांच्या भाचीच्या मैत्रिणींचं मत (पाच तारे, 'नाइस शॉप') आणि आपल्या विद्यार्थ्याचं मत आहे.

पैशांचं नुकसान किती होतं, याबद्दल मात्र अतिशयोक्ती करू नये. हार्वर्डच्या मायकेल लूका यांनी सिअ‍ॅटलमधल्या रेस्टॉरंटांचा येल्पवरचा ताऱ्यांचा इतिहास आणि त्यांची विक्री ताडून पाहिली. 2011 साली मांडलेल्या त्या अभ्यासात येल्पवर एक पूर्ण तारा वाढला की विक्री पाच ते नऊ टक्के वाढते, असं दिसलं. त्यातही हा फरक स्वतंत्र, एकट्या रेस्टॉरंटांना पडतो. साखळीतल्या मोठ्या ब्रँडना पडत नाही, कारण त्यांच्याबद्दल लोकांचं मत आधीच झालेलं असतं. पण ते रेस्टॉरंट. कॉलेजच्या दारातलं झेरॉक्सचं दुकान ताऱ्यांवर चालत नाही. ते फाटकापासूनच्या अंतरावर चालतं. रात्री नऊ वाजता ज्याला 62 पानं हवीत, तो रेटिंग बघत बसत नाही, शटर उघडं आहे का तेवढं बघतो. त्यामुळे 4.7 चे 4.5 झाल्याने काकांचा गल्ला रिकामा झाला असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. फार तर परीक्षा केंद्र शोधत परगावाहून आलेला एखादा बाप दुसऱ्या दुकानात गेला असेल. जे गेलं ते वेगळंच गेलं, आणि त्यासाठी रिव्ह्यू काकांपर्यंत पोचला कसा ते बघावं लागेल.

दुकानाची ऑनलाइन नोंद भाचीने करून दिली होती, तिच्याच ईमेलवरून. रिव्ह्यू आल्याची सूचना तिच्याकडे गेली, तिची परीक्षा चालू होती, आणि काकांना हे प्रकरण दोनेक महिन्यांनी दिवाळीत फराळाच्या वेळी कळलं. चकली खाता खाता भाची म्हणाली, "मामा, तुला कुणीतरी उद्धट म्हटलंय." मामींना हे नवीन नव्हतं. त्यांनी फक्त लेखी मिळालं म्हणून समाधान व्यक्त केलं. काकांना मात्र 'उद्धट'चं फारसं काही वाटलं नाही, त्यांना 'पैसे वाया' लागलं. काय वाया गेलं? कुठलं काम? मॅप्सवर रिव्ह्यूखाली तारीख दिसत नाही, 'दोन महिन्यांपूर्वी' एवढंच दिसतं. दोन महिन्यांपूर्वी म्हणजे सबमिशनचा आठवडा, म्हणजे शेकडो मुलं आणि हजारो पानं. टोनर संपत आला होता का, उभ्या रेघा येत होत्या का? पावसाळी हवेत कागद ओलावा धरतो, मशिनच्या गरम रोलरखालून जाताना वाकतो आणि दोन-दोन कागद चिकटून जातात, त्यात कुणाची पानं गाळली गेली का? की स्पायरलची भोकं मजकुरात गेली? काकांनी मशिन उघडून झाडलं, ड्रम पुसला, कागदाचं रीम बदललं, आणि या तिन्हींत काहीच बिघडलेलं नव्हतं. डॉक्टरला पेशंटने फक्त 'तुम्ही वाईट आहात' एवढंच सांगावं आणि दुखतंय कुठे ते सांगू नये, अशातली गत. ज्याला दुरुस्ती करता येत होती त्या एकमेव माणसापर्यंत तक्रार पोचली, आणि तिच्यात तक्रारच नव्हती.

नंतर एक वर्ष गेलं. विद्यार्थी शेवटच्या वर्षाला आला. आता प्रोजेक्ट रिपोर्ट, काळं रेक्झीन, हार्ड बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं. तो वर्षभर गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात जात होता, पण तिथे हार्ड बाइंडिंग बाहेरून करून आणतात आणि चार दिवस लागतात. काकांकडे रात्रभर वजनाखाली ठेवून दुसऱ्या दिवशी मिळतं. तत्त्व आणि सबमिशन यांच्या लढाईत तत्त्व नेहमी हरतं. शिवाय काकांना आपण कोण हे थोडंच माहीत आहे, असा त्याचा हिशेब होता. हिशेब तसा बरोबर होता, फक्त दोन गोष्टी त्याच्या लक्षात आल्या नाहीत. त्याने मॅप्सवर रिव्ह्यू लिहिला तेव्हा वर त्याचं गूगल खात्यावरचं नाव आलं होतं. आणि प्रोजेक्ट रिपोर्टच्या पहिल्याच पानावर तेच नाव, मधल्या नावासकट, सोळा पॉइंटांत, ठळक, मधोमध असतं. विद्यार्थ्याने पेनड्राइव्ह दिला, काकांनी फाइल उघडली, आणि आरोपपत्रावरची सही समोरच्या स्क्रीनवर आली.

काका काही क्षण स्क्रीनकडे बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "नाव असंच ना? नीट बघून घे. सोन्यात एकदा उठलं की बदलता येत नाही." विद्यार्थी म्हणाला, "हो काका, असंच." काका म्हणाले, "तू ते दुसरीकडे लिहिलंयस ना, ते बदलता येतं म्हणे." आता या ठिकाणी सिनेमात संगीत वाजतं. प्रत्यक्षात मागच्या मुलाने "काका, माझी फक्त दोन पानं" असं म्हटलं आणि काकांनी त्याला थांबायला सांगितलं, नेहमीच्याच शब्दांत. विद्यार्थ्याने मग काउंटरवरच्या स्टेपलरकडे बघत सांगितलं, की पाठपोट छापायला दिलं होतं आणि प्रत्येक कागदाची मागची बाजू उलटी होती, आणि पानांचे आकडेही चुकले होते. काकांनी लगेच विचारलं, "उलटी म्हणजे कशी? डोकं खाली? सगळ्याच?" एकतीसच्या एकतीस कागदांची. बस्स, एवढ्यावर काकांना कळलं.

पाठपोट छपाईत मशिनला एक गोष्ट सांगावी लागते: कागद कुठल्या कडेवर उलटायचा. उभ्या पानाचं स्पायरल डावीकडे येणार असेल तर लांब कडेवर, स्क्रीनवर Flip on Long Edge. भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं वरून बांधायचं असेल, किंवा घडीचं आडवं पत्रक असेल, तर आखूड कडेवर, Flip on Short Edge. चुकीची कड निवडली की मागचं पान डोक्यावर उभं राहतं. त्या दिवशी दुपारी दुकानातल्या पोऱ्याने एका मेसचं घडीचं पत्रक छापलं होतं. आखूड कड त्याने त्या एका कामापुरती निवडण्याऐवजी प्रिंटरच्या कायमच्या सेटिंगमध्ये जाऊन बदलली, आणि गेला. पुढचं प्रत्येक पाठपोट काम तसंच बाहेर पडलं. बहुतेक मुलं एका बाजूने छापून घेतात, म्हणून कुणी बोंब मारली नाही. दोघे परत आले होते, काकांना वाटलं कागद उलटा भरला गेला असेल, त्यांनी फुकट छापून दिलं आणि विषय सोडला. दुसऱ्या दिवशी पोऱ्याने दुसऱ्या कुठल्याशा कामासाठी सेटिंग परत बदललं आणि पुरावा नाहीसा झाला. तिसरा साक्षीदार हजर झाला असता तर काकांना नमुना दिसला असता. तो कँटीनमध्ये बसून विशेषणं जुळवत होता.

तर, चूक दुकानाची होती. एक कागद आधी छापून त्याची पाठ बघायची, मग बाकीचे सोडायचे, हा या धंद्यातला प्राथमिक नियम, आणि गर्दीत तो पाळला गेला नाही. हे काकांनी कबूल केलं. मग त्यांनी पानांच्या आकड्यांचा विषय काढला, आणि इथे बाजू फिरली. रिपोर्ट वर्डच्या फाइलमध्ये आणला होता का? हो. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर जो फॉन्ट होता तो दुकानाच्या कॉम्प्युटरवर नव्हता. अशा वेळी वर्ड गुपचूप दुसरा फॉन्ट लावतं, अक्षरं थोडी रुंद होतात, ओळी वाढतात, आणि पंचवीसेक पानं जाईपर्यंत दोन पानांची घसरण होते. अनुक्रमणिका त्याने हाताने टाइप केलेली, म्हणजे ती जागची हलली नाही. 27 ची आकृती 29 वर गेली ती अशी. विद्यार्थ्याला 62 पानं वाटत होती, कारण छापून आलेला शेवटचा आकडा 62 होता. मूळची 59 होती, हे त्याने कधी मोजलंच नव्हतं. यावर उपाय काउंटरच्या काचेवर गेली कित्येक वर्षं चिकटवलेला आहे: 'फाइल पीडीएफ करूनच आणावी.' पीडीएफमध्ये फॉन्ट फाइलच्या पोटातच जातात आणि पान जागचं हलत नाही. पुण्यात काचेवरची पाटी न वाचता आत शिरलेल्या माणसाने दुकानदाराला उद्धट म्हणावं, याला धाडस लागतं.

आता मोठा आक्षेप. कुणी म्हणेल, मग काय, मालकाला भेटल्याशिवाय रिव्ह्यू लिहूच नये की काय? भेटलं की माणूस विरघळतो. काकांनी चहा पाजला की एकाचे पाच तारे होणार. हा आक्षेप भक्कम आहे, आणि त्याला आकड्यांचा आधारही आहे. एअरबीएनबीवर माणूस यजमानाच्या घरात राहतो, त्याच्याशी बोलतो, निघताना हात हलवतो. झर्वास, प्रोसेर्पिओ आणि बायर्स यांनी 2015 साली मांडलेल्या अभ्यासात तिथल्या जवळपास 95 टक्के घरांची सरासरी साडेचार किंवा पाच तारे निघाली. जगातली 95 टक्के घरं उत्तम असतात हे ज्याने कधी भाड्याचं घर शोधलंय त्याला विचारा. ओळख झाली की टीका बोथट होते, हे मान्य. म्हणूनच भेटीला मी उपाय म्हणत नाही. काका भेटलेच नसते, तरी त्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी लिहिता आलं असतं: 'अमुक तारखेला संध्याकाळी पाठपोट 62 पानं दिली, सगळ्या कागदांची मागची बाजू उलटी छापली, मी दुकानात तपासली नाही, गर्दी होती, परत गेलो नाही.' यात कडकपणा तसूभरही कमी नाही. उलट हे वाचून काका घायाळ झाले असते, कारण नाकारायला जागाच नाही. आणि वाचणाऱ्या तिऱ्हाइताला त्यातून उपयोगाचा सल्ला मिळाला असता: पाठपोट असेल तर पहिला कागद उलटून बघ.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. 164 रुपयांसाठी कुणी ग्राहक आयोगात जात नाही. गरीब गिऱ्हाइकाच्या हातात रिव्ह्यू हे एकच हत्यार आहे, ते बोथट करू नका. खरं आहे, आणि ते बोथट करा असं मी म्हणत नाही. पण त्या हत्याराला धार तपशिलाची असते. खोट्या रिव्ह्यूंच्या मागे सरकारसुद्धा लागलं आहे. भारतीय मानक ब्युरोने 2022 च्या नोव्हेंबरात ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे ऐच्छिक मानक आणलं, आणि त्याचा भर रिव्ह्यू खऱ्या गिऱ्हाइकाचा आहे का, हे तपासण्यावर आहे. आपला विद्यार्थी या चाचणीत पहिल्या वर्गात पास होतो. तो खरा, त्याची खरेदी खरी, त्याचा मनस्ताप खरा. फक्त रिव्ह्यू निरुपयोगी. निरुपयोगीपणा तपासणारं मानक अजून कुठल्याही ब्युरोकडे नाही, आणि आलं तर आपल्याकडच्या बऱ्याच सभा-संमेलनांची पंचाईत होईल.

त्या रात्री विद्यार्थ्याने रिव्ह्यू बदलला. भिडेने पाच तारे देण्याचा मोह त्याला झाला होता, आणि तो त्याने आवरला, हे त्याचं मला सर्वांत आवडलेलं कृत्य. चूक झालीच होती, त्यात काकांचं बोलणं गोड झालं नव्हतं आणि होणारही नव्हतं. त्याने तीन तारे दिले, पाठी उलट्या आल्याचं लिहिलं, वर्डची फाइल आपण नेली हेही लिहिलं, आणि हार्ड बाइंडिंग एका दिवसात मिळतं, डिंक नीट वाळलेला असतो, अशी भर घातली. गणितही तपासून पाहा: बेरीज 115, रिव्ह्यू तेच 25, सरासरी 4.6. काकांनी मशिनवर मार्करने लिहिलेली एक चिठ्ठी लावली, 'पाठपोट आधी एक कागद', आणि पोऱ्याला प्रिंटरच्या सेटिंगमध्ये जायला मनाई केली. रिव्ह्यूला उत्तर म्हणून भाचीने 'थँक्यू फॉर युवर फीडबॅक' टाकलं, कारण काकांनी सांगितलेलं उत्तर टाकण्याजोगं नव्हतं.

वाचकांपैकी कुणाचं या महिन्यात सबमिशन असेल, तर फाइल पीडीएफ करून न्या, पाठपोट असेल तर पहिला कागद काउंटरवरच उलटून बघा, आणि तरीही काही बिघडलंच तर बिनधास्त लिहा. फक्त तारीख आणि वेळ मजकुरात घाला. मॅप्स ती घालत नाही.